पावसाळ्यातला ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही, तर कोणती तपासणी कधी?

प्रश्न: मिस्टरांना (वय ३८) रविवारी रात्रीपासून ताप आहे, आज बुधवार. १०२-१०३ पर्यंत जातो, डोकं आणि अंग खूप दुखतं, सर्दी-खोकला नाही. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, पाच दिवस बघू. शेजारी म्हणतात लगेच डेंग्यूची टेस्ट करा. आम्ही कळव्याला राहतो, बाजूला इमारतीचं काम चालू आहे. टेस्ट आत्ताच करावी की थांबावं? मलेरियाचीही करायची का?

उत्तर: ताई, आजच रक्त द्या आणि मलेरियाची तपासणी नक्की करा. डेंग्यूचं त्यानंतर बघता येईल. मी डॉक्टर नाही. सव्वीस वर्षं रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केलं, आणि दर पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिलं त्यावरून सांगते. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, आणि ते जवळ आहेत तर रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडेच परत जा.

सर्दी-खोकला असता तर मीही एक-दोन दिवस थांबा म्हटलं असतं. नाक वाहत नाही, घसा धरलेला नाही आणि ताप १०३ पर्यंत जातो, म्हणजे ताप कुठून येतोय ते वरून दिसत नाही. पावसाळ्यात अशा तापाला रक्त तपासल्याशिवाय 'व्हायरल' म्हणून सोडून देऊ नये.

शेजारी डेंग्यूची घाई करतात, कारण त्याच नावाची धास्ती जास्त आहे. पण डेंग्यूच्या विषाणूला मारणारं औषध नाही, म्हणून ती तपासणी एक दिवस उशिरा झाली तरी उपचारात मोठा फरक पडत नाही. मलेरियाचं उलट आहे. त्यावर नेमकं औषध आहे आणि ते जितक्या लवकर पोटात जाईल तितकं बरं. त्यातला फाल्सिपेरम प्रकार असेल तर माणूस एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. आपल्याकडच्या शहरांत व्हायवॅक्स प्रकार बराच दिसतो आणि बांधकामावरच्या उघड्या टाक्या, तळघरात साचलेलं पाणी ही त्याच्या डासाची आवडती जागा. तुमच्या बाजूला काम चालू आहे म्हणता, त्यामुळे ही तपासणी खरं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. थंडी वाजून ताप येण्याची वाट पाहायची गरज नाही. एक दिवसाआड ताप हे पुस्तकातलं चित्र आहे, सुरुवातीला मलेरियातही ताप रोज येतो.

लॅबमध्ये गेल्यावर 'मलेरियासाठी स्मिअर, जाड आणि पातळ दोन्ही' असं स्पष्ट सांगा. जाड थेंबात तांबड्या पेशी फोडून टाकतात, त्यामुळे थोडे परजीवी असले तरी सापडतात. पातळ थरात पेशी शाबूत राहतात आणि परजीवी कोणत्या जातीचा ते ओळखता येतं. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र, अशी निदान १०० क्षेत्रं नजरेखालून घातल्याशिवाय 'नाही' लिहायचं नसतं आणि त्याला वेळ लागतो. सोबत मलेरियाचं कार्ड, म्हणजे काही मिनिटांत निकाल देणारी झटपट तपासणी, तीही केली तर चांगलं, पण एवढ्यात मलेरिया होऊन गेला असेल तर तसं सांगा, कारण फाल्सिपेरमचं कार्ड औषध घेतल्यानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं. महापालिकेच्या दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते.

एक स्मिअर निगेटिव्ह आला म्हणजे मलेरिया नाही, असं समजू नका. फाल्सिपेरमचे वाढलेले परजीवी काही तास बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात आणि बोटातून घेतलेल्या थेंबात येत नाहीत. ताप तसाच राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, असं दोन-तीन दिवसांत तीनदा तपासतात. आणि कुणी अंदाजाने मलेरियाची गोळी आधीच दिली असेल तर ते लॅबमध्ये सांगा, परजीवी कमी झालेले असले की चुकायला वेळ लागत नाही.

आता डेंग्यू. इथे तापाचा दिवस मोजणं महत्त्वाचं आहे आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. ताप चढला तो पहिला दिवस, डॉक्टरांकडे गेलात तो नव्हे. रविवारी रात्री चढला म्हणजे आज चौथा. एनएस१ हा विषाणूचाच अंश असतो, तो पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत सापडतो. आयजीएम ही शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, ती चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागतात. चौथा दिवस बरोबर या दोघांच्या सांध्यावर येतो, म्हणून आज करायचीच तर दोन्ही एकत्र करा. नुसतं आयजीएम आज केलंत आणि निगेटिव्ह आलं तर त्यातून काहीच कळणार नाही. डेंग्यू पूर्वी एकदा होऊन गेला असेल तर एनएस१ लवकर दिसेनासं होतं, म्हणजे त्याच्याही निगेटिव्हवर विसंबता येत नाही. पंधरा मिनिटांत होणाऱ्या कार्डापेक्षा एलायझा पद्धत जास्त भरवशाची, निदान पक्कं करायला तीच धरतात. एकटं आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर ते दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या डेंग्यूचंही असू शकतं, हे डॉक्टरांच्या लक्षात असतं, आपल्याही असावं.

या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटते ती साधी सीबीसी. त्यात लोक फक्त प्लेटलेट बघतात. प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, हे समीकरण घराघरात इतकं बसलंय की त्याचा त्रास मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका पावसाळ्यात एक बाई आमच्याकडे चार दिवसांत तीनदा डेंग्यूचं कार्ड करायला आल्या. प्लेटलेट ६८,०००, कार्ड दर वेळी निगेटिव्ह, आणि घरचे म्हणत टेस्टच चुकतेय. मशीनने प्लेटलेट कमी दाखवल्या की आम्ही काचपट्टी करून डोळ्यांनी खात्री करतो. त्या पट्टीवर तांबड्या पेशींच्या आत व्हायवॅक्सच्या अंगठ्या स्पष्ट दिसल्या. मलेरियातही प्लेटलेट घसरतात, चांगल्याच घसरतात, आणि औषध सुरू झालं की भराभर वर येतात. चार दिवस त्या बाईंना कुणी स्मिअर लिहूनच दिला नव्हता. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

सीबीसीतला दुसरा आकडा असतो एचसीटी, काही ठिकाणी पीसीव्ही लिहितात. रक्तात पेशींचा भाग किती, ते तो सांगतो. डेंग्यूत धोका येतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपल्याने. पाणी गेलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. माझ्या भाच्याचं उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे काय बघायचं ते कळेल.

तो चोवीस वर्षांचा, डोंबिवलीला राहतो. त्यालाही रविवारीच ताप चढला होता. बुधवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, स्मिअर निगेटिव्ह, एनएस१ पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट १,४२,००० आणि एचसीटी ४२. गुरुवारी प्लेटलेट ९८,०००, एचसीटी ४४. शुक्रवारी सकाळी ताप पूर्ण उतरला. त्याने पोहे मागितले, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बहिणीचा फोन आला, "आता कशाला रक्त काढायचं, ताप गेला की!" मी म्हटलं, आज तर काढायलाच हवं. दुपारपर्यंत त्याला तीन उलट्या झाल्या, पोटात दुखायला लागलं, हातपाय गार पडले, आणि विचारलं तेव्हा कळलं की सकाळपासून लघवीलाच गेला नव्हता. प्लेटलेट ५४,०००, पण मी घाबरले ते एचसीटी ५१ बघून. ४२ वरून ५१ म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त चढ. रुग्णालयात रक्तदाब निघाला ९६/८०. वरचा आणि खालचा आकडा इतके जवळ आले की रक्ताभिसरण कोलमडायच्या बेतात असतं. सलाईन मोजून, तासातासाला बघत दिलं. शनिवारी प्लेटलेट ३१,००० पर्यंत उतरल्या तरी डॉक्टरांनी प्लेटलेटची पिशवी लावली नाही, कारण रक्तस्राव नव्हता, आणि त्याच रात्री एचसीटी ४३ वर आलं. सोमवारी प्लेटलेट आपोआप चढायला लागल्या.

डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे असतात आणि ते बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतात. म्हणून मिस्टरांचा ताप उद्या-परवा उतरला तरी डेंग्यूची शक्यता असेपर्यंत सीबीसी रोज करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि आजचं एचसीटी लिहून ठेवा. उद्याचा आकडा ताडायला आजचा हवा. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गुंगी किंवा विनाकारण अस्वस्थपणा, गार घामेजलेले हातपाय, सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. प्लेटलेटचा आकडा तेव्हा चांगला असला तरी जा.

तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. अंग कितीही दुखलं तरी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी अॅस्पिरिन रोज चालू असेल तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा. ओआरएस, पेज, ताक, शहाळ्याचं पाणी थोडं थोडं देत राहा आणि लघवी दिवसातून चार-सहा वेळा होतेय ना, ते बघा. पपईच्या पानांचा रस मी देऊ नका म्हणेन, त्याने मळमळ-उलटी होऊ शकते आणि मग उलटी आजाराची की रसाची हेच कळत नाही.

टायफॉइडसाठी करतात त्या विडाल तपासणीची मागणी आज करू नका. पहिल्या आठवड्यात ती फसवते. टायफॉइडची शंका असेल तर डॉक्टर ब्लड कल्चर सांगतील, आणि ते अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घेतलेलं बरं.

आणि एक. मिस्टर गेल्या दोन-तीन आठवड्यांत साचलेल्या पाण्यातून चालले होते का, पायाला जखम होती का, हे आजच डॉक्टरांना सांगा. पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील आणि सीबीसीत पांढऱ्या पेशी कमी न होता वाढलेल्या असतील, तर लेप्टोचा विचार करावा लागतो. त्याचं अँटिबायोटिक डॉक्टर बरेचदा रिपोर्ट यायच्या आधीच सुरू करतात.