‘प्राण देऊ’ आणि ‘प्राण तळमळला’ : देशभक्तीच्या कवितेतले भारलेले शब्द

प्रश्न : मी देशावर एक कविता लिहिलीये, त्यातल्या चार ओळी देते. ‘पावन ही मायभूमी, तिची गाऊ यशोगाथा, / रक्त सांडू, प्राण देऊ, झुकू न देऊ माथा! / बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा बूट दाराशीच काढायचे, / आई ते पुसून दाराकडे तोंड करून ठेवायची.’ मैत्रीण म्हणाली पहिल्या दोन ओळी घोषणा वाटतात. मग मायभूमी, रक्त, प्राण हे शब्द वापरायचेच नाहीत का? मनापासूनचं काय आणि घोषणा काय हे शब्दांवरून ओळखता येतं का? आणि शेवटच्या दोन ओळी फारच साध्या झाल्यात, त्या काढू का?

उत्तर :

शेवटच्या दोन ओळींना आधी हात लावू नका. का ते शेवटी सांगतो, कारण तिथपर्यंत पोचायला तुमच्या ‘प्राण’ या शब्दावरून जावं लागेल.

भारलेला शब्द म्हणजे ज्याच्यावर आपण वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच भावना चढवून ठेवलेली असते असा शब्द. मायभूमी, रक्त, बलिदान, प्राण हे सगळे तसेच. ऐकणाऱ्याच्या मनात ते आपोआप वाजतात, आणि खरी अडचण तीच आहे, कारण लिहिणाऱ्याने काहीच केलेलं नसतं तरी काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण म्हणून ते वर्ज्य आहेत असं मी तरी म्हणणार नाही. सावरकरांची १९०९ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर रचलेली ‘ने मजसी ने’ ही कविता घ्या. पहिल्याच ओळीत ‘मातृभूमी’ आहे, दुसऱ्या ओळीत ‘प्राण’ आहे. म्हणजे तुमच्याकडचे दोन शब्द तिथेही आहेत, आणि तरी ती कविता ऐकताना घसा दाटून येतो. तेव्हा फरक नामात नाही, त्या नामाला कोणतं क्रियापद जोडलंय त्यात आहे, असं माझं मत आहे.

तुमच्याकडे ‘प्राण देऊ’. तिथे ‘प्राण तळमळला’.

‘प्राण देऊ’मध्ये प्राण ही द्यायची वस्तू आहे, देणारे ‘आम्ही’ आहोत, आणि देणं अजून व्हायचंय. ‘प्राण तळमळला’मध्ये प्राण स्वतःच कर्ता आहे, कोणी त्याला काही करायला लावलेलं नाही, आणि ते होऊन गेलेलं आहे. तळमळणं हे घरातलं, आजारपणातलं क्रियापद आहे. रात्रभर झोप न लागलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो की बिचारा तळमळत होता, पाण्याबाहेर काढलेला मासा तळमळतो, जीव तळमळतो. ते ठरवून करता येत नाही.

यावरून एक सोपी टेस्ट करता येते. ओळीतलं क्रियापद काढा आणि त्याला ‘चला, आपण सगळे’ लावून बघा. चला, रक्त सांडू या, प्राण देऊ या, यशोगाथा गाऊ या, हे सगळं अगदी सहज बसतं. आता ‘चला, आपण सगळे तळमळू या’ म्हणून बघा. बसतच नाही, कारण तळमळायला कोणी कोणाला बोलवू शकत नाही. जे क्रियापद असं हाकेला ओ देतं ते घोषणेच्या अंगाचं, आणि जे देत नाही ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी एकट्याच्या अंगावरून गेलेलं असतं. (‘घोषणा’ हा शब्दसुद्धा घुष् या धातूवरून आलाय, त्याचा अर्थच मोठ्याने आवाज करणं. आवाज बोलावण्यासाठीच करतात.)

तुमच्या पहिल्या दोन ओळीत गाऊ, सांडू, देऊ, न देऊ अशी चार क्रियापदं आहेत आणि चारही ‘आम्ही’ची, चारही पुढच्या काळातली. घडलेलं एकही नाही. सावरकरांच्या कवितेत बघा, समुद्राला आईचे पाय धुताना ‘मी नित्य पाहिला होता’, सागरा, तू परत आणायचं वचन दिलंस, मी विश्वास ठेवला, आणि मग पिंजऱ्यातल्या पोपटासारखी ‘फसगत झाली’. सगळा भूतकाळ आहे आणि बोलणारा एकटा आहे. ‘फसगत’ या शब्दापाशी मी दरवेळी थांबतो, कारण देशावरच्या कवितेत माणूस स्वतः फसलो म्हणतोय. घोषणेला हा शब्द परवडतच नाही, तिथे आपण फक्त शूर असू शकतो.

दुसरी गोष्ट ‘मज’ची. मराठीत प्रेम बहुतेक ‘मी’ला होत नाही, ‘मला’ होतं. मला आवडतं, मला आठवण येते, मला करमत नाही. मी काही करत नाही, ते माझ्याकडे येतं. त्या कवितेत हे रूप पुन्हापुन्हा येतं, ‘ने मजसी ने’, ‘मज भरतभूमिचा तारा’. तुमच्या पहिल्या दोन ओळीत ‘मला’ कुठेच नाही, ‘मी’ही नाही.

आता ‘मायभूमी’. हा समास इतका वापरून झालाय की त्यातली माय आता ऐकू येत नाही, फक्त भूमी ऐकू येते, आणि तीसुद्धा नकाशातली. ‘मातृभूमी’चंही तेच. पण सावरकर तो शब्द पहिल्या ओळीत वापरून सोडून देत नाहीत. पुढे म्हणतात, ‘प्रासाद इथे भव्य परी मज भारी / आईची झोपडी प्यारी’. म्हणजे आधी संस्कृतातली ‘मातृ’ आणि मग घरातली ‘आई’, आधी ‘भूमी’ आणि मग ‘झोपडी’. मोठा शब्द आधी उधारीवर घेतला आणि नंतर त्याची पै न पै चुकती केली. शिवाय त्यासाठी इथले प्रासाद भव्य आहेत हे कबूल केलं, आकाशात नक्षत्रंही बहुत आहेत हे कबूल केलं. दुसऱ्याचं चांगलं आहे हे मान्य करून तरीही मला माझंच हवंय म्हणणं, हे प्रेमाचं बोलणं आहे. ‘प्यारी’ हा शब्दही ‘प्रिय’ऐवजी मुद्दाम तोंडातला, आणि इतक्या संस्कृत शब्दांच्या गर्दीत तो एकदम घरचा वाटतो.

तुमच्या ओळीतले बाकीचे शब्द भरभर बघू. ‘पावन’ काढून वाचा. अर्थाला काहीही होत नाही, फक्त मात्रा कमी पडतात, म्हणजे तो शब्द जागा भरायला आलाय. ‘रक्त सांडू’मध्ये कोणाचं रक्त ते कळत नाही, आपलं की शत्रूचं, मराठीत दोन्हीला रक्त सांडणंच म्हणतात. आणि ‘माथा’ कोणाचा, तिचा की आपला? भारलेल्या शब्दाची ही एक खूण लक्षात ठेवा. त्याचा आवाज एवढा मोठा असतो की कोण, कोणाचं, कधी हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून प्रत्येक मोठ्या शब्दाला हे तीन प्रश्न विचारा, उत्तर ओळीत किंवा आजूबाजूला कुठेतरी मिळालं पाहिजे.

मात्र या टेस्टला मर्यादा आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर मी तुम्हाला चुकीचं शिकवल्यासारखं होईल. एक तर ‘तळमळ’ सुद्धा घासून गुळगुळीत होऊ शकतो. उद्या कोणी ‘मज तळमळ लागे मायभूची’ लिहिलं तर क्रियापद हाकेला ओ देणार नाही, ‘मज’ पण आहे, तरी ओळ पोकळच. कारण आजूबाजूला समुद्र नाही, वचन नाही, फसगत नाही. तेव्हा एकट्या शब्दावरून निकाल देऊ नका, त्याच्या शेजारी काय आहे ते बघाच.

दुसरं म्हणजे कवितेतला शब्द लोक उचलतात आणि त्याची घोषणा होते, यात कवितेचा दोष नसतो. ‘वंदे मातरम्’ बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीत १८८२ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यातली सुरुवातीची विशेषणं काढून बघा, सुजलां, सुफलां, मलयजशीतलां, म्हणजे पाणी, फळं, थंडगार वारा, सगळं अंगाला जाणवणारं. १९०५ च्या बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनात तेच पहिले दोन शब्द रस्त्यावर घोषणा झाले. आणि गंमत म्हणजे ‘वन्दे’ हे एकवचन आहे, ‘मी वंदन करतो’. हजारो लोक एकत्र ओरडत होते तरी व्याकरणाने प्रत्येकजण आपापलं म्हणत होता. तेव्हा घोषणा म्हणजे खोटं असंही धरू नका. समूहाने चालताना म्हणायच्या गाण्याला ‘आम्ही’ लागतो, ‘चला’ लागतं, तिथे ते चुकत नाही. तुमची कविता एकटीने वाचायची आहे, म्हणून तिथे तो आवाज चढा वाटतो. आणि या सगळ्यावरून फक्त ओळ जोखता येते. लिहिणाऱ्याचं देशावर प्रेम आहे की नाही हे शब्दांवरून ठरवायला जाऊ नये, तुमच्या मैत्रिणीनेही तसं म्हटलेलं नाहीये.

आता तुमच्या बुटांकडे येतो. यायचे, काढायचे, ठेवायची, तिन्ही क्रियापदं घडून गेलेल्या, परतपरत घडलेल्या गोष्टींची. कोण, कोणाचं, कधी या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. भारलेला शब्द एकही नाही. आणि ‘दाराकडे तोंड करून’ या तीन शब्दांत सुट्टी संपणार आहे हे आईला पहिल्याच दिवशी माहीत आहे, तिला ते नकोय आणि तरी तीच बूट पुसून तयार ठेवतेय. ‘रक्त सांडू, प्राण देऊ’ला जे म्हणायचं होतं ते इथे म्हणून झालंय, आणि ते म्हणताना आवाज चढलेला नाही.

मी असतो तर ह्या दोन ओळींनी कविता सुरू केली असती. पावन, यशोगाथा, रक्त, माथा हे चारही काढले असते. ‘प्राण’ ठेवायचाच असेल तर त्याला ‘देऊ’पासून सोडवा आणि दारात उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणाचा तरी करा. ‘मायभूमी’ मात्र जरूर ठेवा, पण एकदाच, आणि बुटांच्या ओळीनंतर. कारण तोपर्यंत वाचणाऱ्याने एक आई पाहिलेली असेल, म्हणजे त्या शब्दातली माय त्याला ऐकू येईल. नवीन खर्डा झाला की इथेच टाका, ‘मायभूमी’ कोणत्या क्रियापदाशेजारी बसवलीत ते मला बघायचंय.