फी दादानं भरली, पुढे काय बोलू?

"भावानं मोठा खर्च गुपचूप भरला. आभार मानायला गेले की बोलणं परतफेडीवरच येतं आणि तो चिडतो. नेमकं काय बोलू?"

मालवण-वेंगुर्ल्याकडची भावंडं माझ्यासमोर बसून हेच विचारतात. त्यातल्या एकीची हकीकत सांगते, ओळख बदलून.

तिच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी भरायला ती गेली, तर कारकुनानं पावती पुढे केली. फी आधीच भरलेली होती, भरणाऱ्याच्या जागी दादाचं नाव. दादाची मासेमारीची होडी. दोनदा ती त्याच्याकडे गेली आणि दोन्ही वेळा तो "असांदे गो" म्हणून उठून गेला.

"काय म्हणालात त्याला?" मी विचारलं.

"तुझे उपकार कसे फेडू? होतील तसे पैसे देईन."

हे ऐकल्यावर त्याला "नको" म्हणण्यावाचून दुसरं काही उरतच नाही. बहिणीनं त्याला सावकाराच्या जागी बसवलं होतं.

मी विचारलं, "त्यानं काय केलं ते सांगा. पैसे सोडून."

ती गप्प बसली. मग हळूहळू बोलू लागली. "जुलै होता. बंदी चालू होती, होडी वर काढलेली. घरात एक पैसा येत नव्हता. नवीन जाळ्यासाठी ठेवलेले होते, त्यातलेच असणार. अजून जुनंच जाळं सांधत बसतो."

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडीवाल्याच्या हातात पैसा नसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण आपल्या ओझ्याच्या विचारात तिनं दादाकडे नीट पाहिलंच नव्हतं. मला त्या क्षणी फार समाधान वाटलं. आभार मानताना आपण बहुधा आपल्याला काय मिळालं तेच सांगतो. मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये जोडप्यांच्या बोलण्याचा अभ्यास केला. आपण जे केलं त्याचं कौतुक ऐकलं, तेव्हा ऐकणाऱ्याला अधिक बरं वाटलं. माझा अनुभव असा, की भावंडांतही हेच चालतं.

तिनं वाक्य स्वतःच बांधलं आणि किनाऱ्यावर, दादा जाळं सांधत असताना, शेजारी बसून म्हणाली, "दादा, बंदीत होडी वर असताना तू जाळ्याचे पैसे काढून फी भरलंस. कोणाक सांगूक नाय. ह्या माझ्या ध्यानात आसा."

दादा हातातली सुई चालवत राहिला. "चेडू शिकता मा? मग झाला."

पुढे तिनं काही जोडलं नाही. "पण पैसे" हे दोन शब्द जिभेवर आले होते, ते तिनं गिळले, आणि तेवढंच सर्वांत कठीण गेलं, असं तिनं नंतर सांगितलं.

तुम्हीही हे दोघंच असताना बोला. त्यानं गुपचूप दिलंय, कदाचित वहिनीलाही ठाऊक नसेल, म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आणि त्यानं ते उसने म्हणून दिले असतील, किंवा त्याची ओढाताण होत असेल, तर हिशेब जरूर करा, पण वेगळ्या दिवशी, रक्कम आणि तारीख ठरवून.