स्कॅनची पीडीएफ, दहा एमबी आणि आमचे भाऊजी

प्रश्न: जमिनीच्या कागदांची ५० पानं स्कॅन केली तर पीडीएफ ११० एमबीची झाली. पोर्टल १० एमबीच्या वर घेत नाही. ऑनलाइन कॉम्प्रेस केलं तर अक्षरं पुसट येतात. काय करू?

तालुक्याच्या गावी एका वकिलांच्या ऑफिसात बारा वर्षं टायपिंग आणि स्कॅनिंग करते आहे, त्यामुळे ही ११० एमबीची फाइल मी न बघताच ओळखली. कुणीतरी "चांगलं येऊ दे" म्हणून स्कॅनर ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, आणि कलरवर ठेवला असणार. आमच्याकडे तो सल्ला आमच्या साहेबांचा असायचा. "कोर्टाचं काम आहे, क्वालिटीत कसर नको."

एकदा हिशोब मांडून बघा. ए-फोर पान ३०० डीपीआयला म्हणजे २४८० बाय ३५०८, साधारण ८७ लाख ठिपके. कलरमध्ये एका ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे कॉम्प्रेशनच्या आधी पान २६ एमबी. ग्रेस्केलला पावणेनऊ एमबी. नुसतं काळं-पांढरं केलं तर एका बाइटात आठ ठिपके मावतात, म्हणजे जेमतेम ११०० केबी. आणि ६०० डीपीआय केलं की हे सगळं दुप्पट नाही, चौपट होतं, कारण ठिपके रुंदीलाही वाढतात आणि उंचीलाही. टाइप केलेल्या प्रतिज्ञापत्राला कलर कशाला हवा, हे मी साहेबांना तीन वर्षं विचारत होते.

आता खरी गोष्ट. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे वाटणीचं एक प्रकरण होतं, ४२ पानांचं. साहेबांच्या हुकुमाप्रमाणे सगळं ६०० कलर, फाइल १९० एमबी. मर्यादा तुमच्यासारखीच १० एमबी. माझे दीर पुण्यात आयटीत आहेत, त्यांना फोन केला. "वहिनी, यात काय आहे, पाठवा इकडे, दोन मिनिटांत करून देतो." दोन मिनिटांत दिलंही. ३ एमबी! पोर्टलने घेतली, मी पेढे वाटायच्या बेतात होते. पेनड्राइव्ह भरला होता म्हणून १९० एमबीची फाइल उडवूनही टाकली.

तीन आठवड्यांनी शेरा आला: दस्त वाचनीय नाहीत. फाइल उघडून मोठी करून पाहिली. एका जुन्या फेरफारात क्षेत्र होतं, ते ०.८१ आहे की ०.८९ हेच कळेना. हस्ताक्षरातला देवनागरी १ आणि ९ यांच्यात फरक असतो एका छोट्या गाठीचा आणि वळणाचा, आणि नेमक्या त्या जागी करडा डाग होता. आठ आर जमीन त्या डागात. त्याच पानावर नावांवरचे अनुस्वार गेले होते. पक्षकार आजोबा मूळ कागद घेऊन गावी गेलेले. पंचावन्न किलोमीटर, घाटात दरड, एसटी बंद. शेवटी त्यांचा नातू कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुचाकीवर घेऊन आला आणि आमच्या दारात चिंब भिजून उभा राहिला.

भाऊजींनी काय केलं होतं ते नंतर कळलं. घोस्टस्क्रिप्ट नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये `/screen` हे सेटिंग लावलं होतं. ते कलर आणि ग्रे चित्रं ७२ डीपीआयवर आणतं. म्हणजे अख्खं ए-फोर पान उरलं ५९५ बाय ८४२ ठिपके. छापील अनुस्वार साधारण ०.४ मिलिमीटरचा धरा. ३०० डीपीआयला तो पावणेपाच ठिपक्यांचा असतो, १५० ला अडीच, आणि ७२ ला जेमतेम एक. त्या एका ठिपक्यावर जेपेगचं कॉम्प्रेशन फिरलं की अनुस्वार कागदाच्या रंगात मिसळतो. इंग्रजीत i वरचा ठिपका गेला तर शब्द कळतो, आपल्याकडे माणूस बदलतो. भाऊजींचं म्हणणं, "वाचता तर येत होतं की." त्यांना येत होतं, कारण त्यांनी पहिलं पान पाहिलं होतं, टाइप केलेलं.

मग मी जे केलं तेच तुम्ही करा. पुन्हा स्कॅन करण्याआधी पानांचे ढीग करा. माझ्या ४२ पानांत तीन ढीग झाले. टाइप केलेली साधी पानं ३०, ती ३०० डीपीआय काळं-पांढरं. स्कॅनरने त्याला फॅक्सवालं जी-फोर कॉम्प्रेशन लावलं की पान ५० केबीच्या आसपास बसतं. पिवळी पडलेली हस्ताक्षरातली पानं ९, ती ३०० डीपीआय ग्रेस्केल, जेपेगची क्वालिटी मध्यम. पान साडेचारशे केबी. आणि स्टॅम्प पेपर, जांभळे शिक्के, नकाशा अशी ३ पानं २०० डीपीआय कलर, पान ५०० केबी. बेरीज करा: दीड, चार आणि दीड. सात एमबी, आणि एकही अनुस्वार गेला नाही.

हस्ताक्षराची जुनी पानं काळी-पांढरी करायचा मोह होईल, करू नका. तिथे स्कॅनर प्रत्येक ठिपक्याबद्दल ठरवतो की हा काळा की पांढरा, मधलं काही नाही. फिकी शाई पांढऱ्यात जाते आणि मागच्या बाजूची उमटलेली शाई काळ्यात येते. जांभळा शिक्का तर सहीवर पडलेला डांबराचा गोळा दिसतो. उलट ग्रेमध्ये एक युक्ती चालते: स्कॅन करतानाच ब्राइटनेस थोडा वाढवून कागदाचा पिवळेपणा पांढरा करून टाका. जेपेगची जागा अक्षरं जेवढी खात नाहीत तेवढी कागदाची खरबरीत पोत खाते. माझ्या नऊ पानांपैकी एका पानावर हे करून पाहिलं तेव्हा साडेसातशे केबीचं साडेचारशे झालं. फक्त वाढवताना पेन्सिलीने केलेल्या खुणा उडत नाहीत ना, तेवढं बघा.

पुन्हा स्कॅन करणं शक्यच नसेल, तर मग घोस्टस्क्रिप्ट. इथे एक खोच आहे, मी एक अख्खी दुपार तिच्यात घालवली. २०० डीपीआयच्या एका फाइलला `/ebook` लावलं, जे म्हणे १५० वर आणतं, आणि साइज होती जवळपास तशीच. तीनदा चालवलं. चित्राचं रिझोल्यूशन ठरवलेल्या आकड्याच्या दीडपट असेल, त्याच्याही वर असेल, तरच हा प्रोग्रॅम ते कमी करतो. १५० ची दीडपट २२५. माझी २०० ची फाइल त्याच्या खाली होती, म्हणून त्याने हात लावला नाही. दीडपटीची अट एकपटीवर आणावी लागते:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -dNOPAUSE -dBATCH \
 -sColorConversionStrategy=LeaveColorUnchanged \
 -dColorImageResolution=200 -dColorImageDownsampleThreshold=1.0 \
 -dGrayImageResolution=200 -dGrayImageDownsampleThreshold=1.0 \
 -sOutputFile=lahan.pdf mool.pdf
```

विंडोजवर `gs` च्या जागी `gswin64c` लिहा, सगळं एका ओळीत, उलट्या रेघा काढून. दोन्हीकडे २०० ठेवलं आहे ते मुद्दाम. आधी १० एमबीच्या आत बसतंय का बघा, नाही बसलं तर छापील पानांना १५० करा. हस्ताक्षराला १५० च्या खाली मी जाणार नाही, कुणी कितीही सांगो. त्यापेक्षा फाइलचे दोन भाग करून चढवा, बहुतेक ठिकाणी चालतं. आणि दर वेळी मूळ फाइलवरूनच लहान करा. लहान केलेली पुन्हा लहान केली की प्रत्येक फेरीत जेपेग नवा धुरळा टाकतो.

तुम्ही मोबाइलने स्कॅन केलं असेल, तर वरचं सगळं फसू शकतं. काही अॅप फोटो जसाच्या तसा पीडीएफमध्ये टाकतात आणि पानाचा आकार ठरवतच नाहीत. ३००० बाय ४००० चा फोटो मग ७२ डीपीआयचा समजला जातो आणि पान होतं साडेएक्केचाळीस बाय साडेपंचावन्न इंचांचं, जवळपास चादर. घोस्टस्क्रिप्टला वाटतं की हे आधीच ७२ आहे, कमी काय करायचं? पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमध्ये पानाचा आकार बघा. ८.२७ बाय ११.६९ इंच नसेल, तर आधी ए-फोरवर आणा. मूळ फोटो असतील तर img2pdf नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमची `img2pdf --pagesize A4 *.jpg -o a4.pdf` ही कमांड फोटोंना हात न लावता तेवढंच काम करतं. नंतर वरची कमांड.

दोन गोष्टी राहिल्या. काही स्कॅनर आणि प्रोग्रॅममध्ये जेबिग-टू नावाचं काळ्या-पांढऱ्याचं कॉम्प्रेशन असतं, फाइल जी-फोरपेक्षाही लहान करतं. त्याचा "लॉसी" प्रकार जमिनीच्या कागदाला लावू नका. सारखी दिसणारी अक्षरं तो एकाच साच्यातून छापतो. २०१३ मध्ये झेरॉक्स वर्कसेंटर मशिनींच्या स्कॅनमध्ये ६ चे ८ होतात हे डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं. धूसर आकडा निदान धूसर दिसतो, हा आकडा स्वच्छ आणि चुकीचा दिसायचा.

दुसरं, तुमच्या ५० पानांत डिजिटल सहीचा सातबारा असेल तर तो छापून स्कॅन केलेला असणार, सगळे तेच करतात. उतरवून घेतलेली मूळ पीडीएफच जोडा, ती मुळातच लहान असते. कॉम्प्रेसही करू नका, एक बाइट बदलला तरी सही तुटते. जोडणीत एकत्र केली तरी तुटते, म्हणून ती वेगळी चढवा.

आधी पानाचा आकार किती दिसतो ते खाली लिहा, मग तुमच्या फाइलचं नेमकं सांगते. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर, त्या नातवाचा रेनकोट अजून आमच्या ऑफिसात आहे.