कुलर, पावसाळा आणि ‘कारण’ हा शब्द

नागपूर

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

विधान-कारणाच्या प्रश्नांत, म्हणजे दिलेली दोन वाक्यं खरी आहेत का आणि दुसरं पहिल्याचं स्पष्टीकरण करतं का असं विचारणाऱ्या प्रश्नांत, गुण जातात ते बहुतेक एकाच ठिकाणी. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत हे तुला कळतं, दोन्ही एकाच धड्यातली असतात आणि हात लगेच ‘कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे’ या पर्यायाकडे जातो. म्हणून आज फक्त तेवढ्याबद्दलच लिहितो.

आपल्या घरातलंच उदाहरण घे.

विधान: नागपुरात मे महिन्यात कुलरची हवा जेवढी गार लागते, तेवढी जुलैत लागत नाही.
कारण: पाण्याचे बाष्पीभवन होताना ते भोवतालची उष्णता घेते.

आधी कारणावर तळहात ठेव आणि विधान एकटं वाच. खरं आहे, समासात ‘ख’ लिही. मग विधान झाकून कारण वाच. तेही खरं आहे, बाष्पीभवनाच्या अप्रकट उष्म्याबद्दल तू शिकलेलं तेच आहे. इथवर दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध जोडायचा नाही. तसं केलं की एक खरं वाक्य दुसऱ्या अर्धवट वाक्यालाही खरं भासवतं. विशेषतः ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे शब्द नजरेतून निसटतात. ‘सर्व धातू विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन मुक्त करतात’ हे वाक्य घाईत बरोबर वाटतं, पण तांबं तसं करत नाही.

आता दोन्ही उघड आणि मधे ‘कारण’ घालून वाच. बहुतेक मुलं इथेच ‘हो, जुळतं’ म्हणून पुढे जातात. तू थांब आणि विधानातला कोणता शब्द उत्तर मागतोय ते शोध. हे विधान ‘कुलर गार हवा का देतो’ असं विचारत नाही. ते मे आणि जुलै यांतला फरक सांगतं, म्हणून ‘जेवढी-तेवढी’ या शब्दांखाली रेघ मार. बाष्पीभवनाला उष्णता लागते ही गोष्ट मेमध्येही खरी आणि जुलैतही. जी गोष्ट दोन्ही महिन्यांत सारखीच आहे, ती त्यांच्यातला फरक कसा सांगेल? म्हणून उत्तर: दोन्ही सत्य, पण कारण हे योग्य स्पष्टीकरण नाही.

तेच विधान ठेवून कारण बदलून बघ. ‘हवेत आधीच बाष्प जास्त असेल तर बाष्पीभवनाचा वेग कमी होतो.’ मेमधली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे ताट्यांवरचं पाणी झपाट्याने उडतं. जुलैत हवा दमट होते आणि ते उडणं मंदावतं. फरक कशामुळे, ते या कारणाने नेमकं सांगितलं. हे योग्य स्पष्टीकरण. आणि कारणात ‘आर्द्रता वाढली की बाष्पीभवनाचा वेग वाढतो’ असं आलं, तर ते कारणच असत्य. मग स्पष्टीकरणाचा विचार करत बसायची गरजच नाही.

‘कारण खोटं असतं, तर विधान तरी खरं राहिलं असतं का?’ ही चाचणी तुला कोणी शिकवली असेल. ती उपयोगी आहे, पण अर्धीच. ‘चंद्रावर वस्तूचे वजन पृथ्वीपेक्षा कमी भरते’ या विधानाला ‘पाण्याची घनता 4°C ला सर्वाधिक असते’ हे कारण दिलं, तर ती ते लगेच बाद करते. कुलरच्या पहिल्या जोडीत मात्र ती फसवते: बाष्पीभवनाला उष्णता लागतच नसती, तर कुलर मेमध्येही गार झाला नसता, म्हणजे कारण आवश्यक ठरलं. पण आवश्यक असणं वेगळं आणि पुरेसं असणं वेगळं. म्हणून ही चाचणी आधी लाव, आणि तिच्यातून कारण सुटलं तरी रेघ मारलेल्या शब्दाला ते उत्तर देतं का, हे तपासल्याशिवाय पर्याय रंगवू नकोस.

आणखी एक सापळा: तेच वाक्य वेगळ्या शब्दांत. ‘सिल्व्हर क्लोराइड सूर्यप्रकाशात करडे होते, कारण प्रकाशात त्याचा रंग बदलतो.’ यात नवीन काहीच कळलं नाही. ‘प्रकाशामुळे त्याचे अपघटन होऊन चांदी सुटी होते’ असं असेल, तर ‘करडे’ या शब्दाला उत्तर मिळालं.

पर्यायांचा क्रम पाठ करू नकोस. सीबीएसईच्या दहावीच्या पेपरात तो ठरावीक दिसतो, पण इतर परीक्षांत बदलतो. आधी समासात ‘ख-ख, स्पष्टीकरण नाही’ असा तुझा निर्णय लिही आणि मगच तो पर्यायांत शोध.

या रविवारी कुलरचंच विधान घेऊन त्याला चार कारणं स्वतः लिही: एक योग्य, एक खरं पण फरक न सांगणारं, एक असत्य आणि एक नुसतं तेच वाक्य फिरवून मांडणारं. वही पाठव, तपासून देतो.

तुझा,
सर