गुन्ह्याची तयारी संपते कुठे आणि प्रयत्न सुरू होतो कुठे? आधी हे दोन निकाल वाचा

गुन्ह्याच्या प्रयत्नाला शिक्षा असते, नुसत्या तयारीला सहसा नसते. हा फरक समजायला सुरुवातीला कलमं पाठ करू नका, दोन खटले शेजारी ठेवून वाचा.

मलकियत सिंग खटल्यात पंजाबातून दिल्लीकडे परवान्याशिवाय निघालेला भाताचा ट्रक दिल्लीच्या हद्दीच्या बराच अलीकडे समालखा इथे अडवला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही तयारीच. चालक तिथूनही परत फिरू शकला असता. १९८० च्या मोहम्मद याकूब खटल्यात वसईजवळच्या खाडीकाठी गाडीतून तस्करीची चांदी उतरवली जात होती आणि खाडीतून यांत्रिक होडीचा आवाज आला. चांदी होडीत चढली नव्हती, तरी तो प्रयत्न ठरला. हेतू उघड करणारी आणि गुन्ह्याच्या निकट पोचलेली कृती शोधा. शेवटची पायरी गाठलेलीच हवी, ही नवख्यांची नेहमीची चूक.

दुसरी चूक म्हणजे हीच कसोटी कटाला लावणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१ नुसार गुन्हा करण्याचं संगनमत झालं की कट पूर्ण होतो, चांदी घरातून हलली नसली तरी.

चिथावणीतही मूळ गुन्हा घडलाच पाहिजे असं नाही. आणि दरोड्याची मात्र नुसती तयारीही शिक्षापात्र आहे, हा अपवाद लक्षात ठेवा.