क्रमांक पुन्हा 1 का होतो? बुलेटच्या नोट्स मार्कडाउनमध्ये आणताना

प्रश्न: ऑफिसातल्या बॅकअपच्या नोट्स बुलेट टाकून लिहिल्या आहेत, त्या मार्कडाउनमध्ये हव्यात. हेडिंग कशाला द्यायचं तेच ठरत नाही, आणि यादीत मध्ये कमांड आली की पुढचा क्रमांक परत 1 पासून सुरू होतो. काय चुकतंय?

उत्तर:

क्रमांकाचं आधी सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. तुम्ही बहुधा प्रत्येक पायरीला `1.` असंच लिहिलं आहे. त्यात चूक काहीच नाही, पुढचे आकडे मार्कडाउन स्वतः घालतं. पण कमांडचा ब्लॉक डाव्या कडेला चिकटलेला असेल, तर यादी तिथेच संपते. त्यानंतरचं `1.` ही नवी यादी ठरते, म्हणून आकडा पुन्हा 1.

ब्लॉक पायरीच्या पोटात राहायला हवा असेल, तर तो पायरीचा मजकूर जिथून सुरू होतो त्या स्तंभापर्यंत आत सरकवावा लागतो. `- ` नंतरचा मजकूर 2 जागा सोडून सुरू होतो, `1. ` नंतरचा 3 आणि `10. ` नंतरचा 4. मी एकदा बारा पायऱ्यांची नोट सगळीकडे 3 जागा सोडून लिहिली होती. नवव्या पायरीपर्यंत सगळं ठीक, दहावीपासून कमांड यादीबाहेर. खरे आकडे हातानेच लिहिले असल्यामुळे क्रमांक मात्र बरोबर दिसत होते (नवी यादी 11 पासूनही सुरू होऊ शकते), त्यामुळे चूक लवकर लक्षातच आली नाही. खूण एकच होती, कोडची चौकट डाव्या कडेला सरकलेली.

तेव्हापासून मी सरसकट 4 जागा सोडतो. `99.` पर्यंत ते चालतं, साध्या बुलेटखालीही चालतं.

आता हेडिंग. बुलेट किती आत आहे यावरून पातळी ठरवू नका. ओळीत क्रियापद असेल, म्हणजे ती काहीतरी करायला सांगत असेल, तर ती यादीतली पायरी. ओळ नुसतं नाव असेल आणि तिच्याखाली बरंच काही असेल, तर ते हेडिंग. उदाहरणार्थ, या नोट्स:

```
• बॅकअप
    ◦ सुरू करण्याआधी
        ▪ डिस्कवरची जागा बघा  df -h
        ▪ फोल्डर बांधा  tar -czf b.tar.gz notes
            ▪ मोठं असेल तर वेळ लागतो
```

पहिल्या दोन ओळी नावं आहेत, म्हणून `#` आणि `##`. बाकीच्या पायऱ्या. शेवटची ओळ दुसऱ्या पायरीबद्दलची टीप आहे, म्हणून तिच्या पोटातली बुलेट.

````
# बॅकअप

## सुरू करण्याआधी

1. डिस्कवरची जागा बघा.

    ```bash
    # मोकळी जागा
    df -h
    ```

1. फोल्डर बांधा.

    ```bash
    tar -czf b.tar.gz notes
    ```

    - मोठं असेल तर वेळ लागतो.
````

`##` खालून थेट `####` वर उडी मारू नका. अक्षर लहान दिसावं म्हणून लोक तसं करतात, आणि मग अनुक्रमणिकेत मधली पातळी गायब असते. शेलमधल्या `# मोकळी जागा` या टिप्पणीकडेही बघा: ती चौकटीबाहेर राहिली तर तिचंच भलंमोठं हेडिंग होतं. अनुक्रमणिकेत अनोळखी शीर्षक दिसलं, तर आधी हेच तपासा.

`•` हे चिन्ह मार्कडाउनला बुलेट म्हणून कळत नाही, त्याला `-`, `*` किंवा `+` लागतं. तसंच ठेवलं तर सगळ्या ओळी एका परिच्छेदात गोळा होतात. लिनक्सवर एवढं पुरतं:

```bash
expand -i -t 4 notes.txt |
sed -E 's/^( *)[•◦▪][[:space:]]*/\1- /' > notes.md
```

याने टॅबच्या जागा होतात आणि बुलेट बदलतात. हेडिंग आणि क्रमांक मात्र हातानेच द्यावे लागतात, ते यंत्राला कळण्यासारखं नाही.

नोट्स वर्डमधून आणल्या असतील तर कोड डोळ्यांनी वाचून काढा. सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात आणि `--` चा एकच लांब डॅश झालेला असतो. पानावर ते देखणं दिसतं, पण कमांड चालत नाही. `#` नंतर जागा असूनही हेडिंग होत नसेल, तर ती जागा साधी नसून ओळ न तोडणारी जागा असण्याची शक्यता मोठी. पुसून पुन्हा टाइप करा.

शेवटी, पान कोण तयार करतंय ते बघा. `mkdocs` वापरत असाल तर आतली यादी 4 जागाच मागते, आणि यादीच्या पोटातली चौकट `pymdownx.superfences` चालू केल्याशिवाय नीट उमटत नाही.