आईच्या मऊ जेवणासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची असून पुण्यात आमच्याकडे राहते. तिची कवळी अकरा वर्षांची आहे, सैल झाल्यामुळे ती घालत नाही, आणि भूकही मंदावली आहे. सहा महिन्यांत वजन ५१ वरून ४६ किलोवर आले. आम्ही दोघेही नोकरी करतो. एक कंपनी ज्येष्ठांसाठी मऊ, वाटलेले तयार जेवण घरपोच देते: एका जेवणाचे १८० रुपये, दिवसाला दोन जेवणे, म्हणजे महिन्याला १०,८००. वर्षाचे पैसे एकदम भरले तर १,०८,००० रुपयांत मिळेल. आईचे कुटुंब निवृत्तिवेतन १४,००० आहे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ साली १५ लाख ठेवले आहेत, आणि तिच्या नावावर दीड लाखाची मुदत ठेव आहे. औषधे, बाई वगैरे मिळून तिचा खर्च साधारण १५,००० होतो. ठेव मोडून वर्षाचे पैसे भरावेत का? सोबत पाकिटावरील लेबलाचा फोटो पाठवत आहे. तिला रक्तदाब आहे, मधुमेह नाही, अंडे चालते.

उत्तर : ठेव मोडा, असेच मी सांगणार आहे, पण ती या जेवणासाठी नव्हे.

प्रथम जमाखर्च पाहू. बचत योजनेत २०२३ च्या एप्रिलनंतर पैसे ठेवले असतील, तर ८.२ टक्के दराने तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज येत असणार, म्हणजे महिन्याला १०,२५०. निवृत्तिवेतन धरून आईंची मासिक प्राप्ती २४,२५० होते आणि खर्च वजा जाता ९,२५० रुपये उरतात. दोन वेळच्या तयार जेवणाला १०,८०० लागतील, म्हणजे दरमहा दीड हजाराची तूट पडेल आणि अचानक येणाऱ्या आजारपणासाठी काहीही उरणार नाही. वर्षाचे पैसे एकरकमी भरल्यास ही तूट दिसेनाशी होते, भरून निघत नाही. ती मुदत ठेवीतून गेलेली असते, इतकेच.

वार्षिक योजनेत २१,६०० रुपये, म्हणजे नेमके दोन महिन्यांचे पैसे वाचतात. आईंनी हे जेवण दहा महिने घेतले, तर कुठे बरोबरी होते. त्याआधी कोणत्याही कारणाने ते बंद झाले, तर तोटा तुमचा. ७८ व्या वर्षी, वजन उतरत असताना, चव न आवडणे, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, डॉक्टरांनी आहार बदलणे यांपैकी एखादी गोष्ट दहा महिन्यांत घडण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय आगाऊ पैसे भरणारा ग्राहक म्हणजे त्या कंपनीला बिनतारण कर्ज देणारा माणूस असतो. कंपनी बंद पडली, तर तिच्याकडे पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत तो बराच मागे उभा राहतो.

आता लेबलाकडे येऊ, कारण या निर्णयाचा खरा हिशेब तिथे आहे. त्यावर १०० ग्रॅममागे ८५ कॅलरी, अडीच ग्रॅम प्रथिने आणि ३४० मिलिग्रॅम सोडियम असे लिहिले आहे आणि पाकीट २५० ग्रॅमचे आहे. म्हणजे दोन्ही पाकिटे चाटूनपुसून संपवली, तरी दिवसाला सुमारे सव्वाचारशे कॅलरी आणि साडेबारा ग्रॅम प्रथिने मिळतील. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे किमान एक ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आहारतज्ज्ञ सांगतात. आईंच्या बाबतीत ती ४६ ग्रॅम होतात. दिवसाच्या दोन मुख्य जेवणांतून गरजेचा जेमतेम पाव हिस्सा मिळतो आहे. यात कंपनीची लबाडी नाही. अन्न वाटून पातळ करायचे तर त्यात पाणी घालावे लागते, आणि पाण्याने वाटी भरते, पोषण वाढत नाही. भूक मंद असलेल्या माणसाला तर उलट हवे असते: घास थोडे, पण प्रत्येक घासात ऐवज जास्त.

सोडियमचेही पाहा. दोन पाकिटांत १,७०० मिलिग्रॅम होते, म्हणजे सव्वाचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने संपूर्ण दिवसासाठी सांगितलेली मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे, आणि आईंना रक्तदाब आहे.

मी दर ठरवताना पाकिटाची किंमत पाहत नाही, पोटात गेलेल्या अन्नाची पाहतो. हे मी स्वतःच्या घरात शिकलो. माझ्या सासूबाईंसाठी आम्ही सवलतीत पोषक पावडरीचे सहा डबे एकदम घेतले होते. त्यांनी दीड डबा संपवला आणि उरलेल्यांची मुदत कपाटातच संपली. म्हणून तुम्ही पंधरा दिवसांचेच जेवण सुट्या दराने मागवा आणि स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर रोज ताटलीत उरलेले अन्न तोलून लिहून ठेवा. समजा सरासरी १३० ग्रॅम खाल्ले गेले आणि १२० टाकून द्यावे लागले, तर पोटात गेलेल्या २५० ग्रॅमची खरी किंमत १८० नसून ३४६ रुपये आहे. तीन चतुर्थांशाहून अधिक जेवण रोज संपत असेल तर सेवा चालू ठेवण्याजोगी आहे. निम्म्याहून कमी संपत असेल, तर स्वस्त योजना शोधूनही उपयोग नाही.

याच्या शेजारी घरातला हिशेब मांडून पाहा. एक उकडलेले अंडे कुस्करून मऊ भातात कालवले आणि सोबत पेलाभर दूध दिले, तर बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, म्हणजे त्या दोन पाकिटांइतकीच, आणि खर्च तीस रुपयांच्या आत राहतो. नाचणीच्या लापशीत किंवा रव्याच्या खिरीत २५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची, बिनसाखरेची पावडर घातली, तर वाटीचा आकार न वाढता आणखी आठ-नऊ ग्रॅम प्रथिने जातात. चमचाभर तुपाने चाळीस-पंचेचाळीस कॅलरी वाढतात. वरण-भात, खिमट, मेतकूट-तूप-भात हे आपल्याकडचे पदार्थ मुळातच कवळीवाचून खाता येतात. तुमच्या बाईंना दिवसाला पाऊण तास अधिक थांबण्याचे पैसे देऊन हे करून घेता आले, तर तो खर्च मला पाकिटांपेक्षा योग्य वाटतो. मात्र मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

तरीही तयार जेवण सरसकट नाकारावे, असे माझे म्हणणे नाही. तुम्ही दोघेही बाहेर असता तेव्हा दुपारी गरम, मऊ अन्न वेळेवर समोर येणे याला किंमत आहे आणि ती मोजायला हरकत नाही. कामाच्या बावीस दिवसांचे दुपारचे एकच जेवण घेतले तर ३,९६० रुपये होतात. अंडी, दूध, पावडर आणि बाईंचा वाढीव वेळ यांना साधारण चार हजार धरले, तरी उरणाऱ्या ९,२५० रुपयांत हे बसते आणि थोडे शिल्लकही राहतात. मागवताना सुट्या दराचाच आग्रह धरा, आणि आई रुग्णालयात असतील त्या दिवसांचे पैसे लागणार नाहीत, हे कंपनीकडून लेखी घ्या.

आता ठेव मोडण्याविषयी. सैल कवळी ही या सगळ्या खर्चाची जननी आहे, आणि नेमका तिच्यावरचाच खर्च तुमच्या हिशेबात नाही. दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, त्यामुळे अकरा वर्षांपूर्वीच्या मापाची कवळी आज हलणारच. काही वेळा आतून नवा थर देऊन ती बसवता येते, नाही तर नवी करावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांनी पूर्ण कवळीसाठी साधारण वीस ते पस्तीस हजार रुपये दिले आहेत, आणि शासकीय दंत महाविद्यालयात खर्च बराच कमी येतो. पंचवीस हजार धरले तरी ती रक्कम अडीच महिन्यांच्या तयार जेवणापेक्षा कमी आहे. हा एकदाच होणारा खर्च आहे, आणि मुदत ठेव अशाच खर्चासाठी असते. दरमहाचा खर्च दरमहाच्या प्राप्तीतूनच भागवला पाहिजे. मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल बँका बहुधा व्याजात अर्धा ते एक टक्का कपात करतात, म्हणजे ही कपात दीड लाखावर वर्षाला फार तर दीड हजार रुपये होते. उरलेले सव्वा लाख पुन्हा ठेवीत टाका. एक मर्यादा मान्य करायला हवी: नवी कवळी व्हायला काही आठवडे आणि चार-पाच फेऱ्या लागतात, आणि काही वृद्धांना ती शेवटपर्यंत सवयीची होत नाही. म्हणून ती बसेपर्यंत वरची व्यवस्था चालू राहील असेच धरा.

पण दंतवैद्यांच्याही आधी एक भेट हवी. सहा महिन्यांत पाच किलो म्हणजे जवळजवळ दहा टक्के वजन घटले आहे, आणि एवढी घट डॉक्टर केवळ वयाच्या नावावर सोडत नाहीत. चालू औषधे, थायरॉइड, बद्धकोष्ठता, उदासी यांपैकी कशानेही भूक मरते, आणि ती कारणे सापडली तर जेवणावरचा हा सारा खर्च बदलतो. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर होतो का, हेही पाहून ठेवा. तसे होत असेल तर अडचण चावण्याची नसून गिळण्याची आहे, आणि अन्न किती दाट असावे हे वाचा-गिळण उपचारतज्ज्ञाने ठरवण्याआधी कोणतेही तयार जेवण किंवा पातळ खीर देणे धोक्याचे ठरू शकते.

कराबाबत थोडक्यात: तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल आणि आईंचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या वैद्यकीय खर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, फक्त तो खर्च रोखीने केलेला नसावा. तयार जेवणाची किंवा पावडरीची बिले त्यात बसत नाहीत. डॉक्टरांची आणि दंतवैद्यांची बिले मात्र आईंच्या नावाने घेऊन जपून ठेवा आणि विवरणपत्र भरताना सनदी लेखापालांना दाखवा.

कंपनीला या आठवड्यात एवढेच कळवा की वार्षिक योजना नको, सोमवारपासून पंधरा दिवस फक्त दुपारचे जेवण पाठवा. आणि पहिल्या पाकिटाआधी आईंचे वजन करून तारखेसह लिहून ठेवा.